‘ते काम झालंच आहे’

दहा वर्षांपूर्वी माझ्या आधीच्या सेक्रेटरींनी निरोपाचं भाषण केलं, ते मला अजून आठवतं. गच्चीवर भाड्याच्या खुर्च्या, कागदी बशीत बटाटेवडा, आणि दर दोन वाक्यांनी कुईं करणारा माइक. काकांनी तब्बल चौदा जणांचे नावं घेऊन आभार मानले, गहिवरले, आणि बसता बसता म्हणाले, “कन्व्हेयन्सचं काम तर झालंच आहे. नव्या कमिटीला फारसं काही उरलेलं नाही.” टाळ्या झाल्या. मी नवी सेक्रेटरी. माझ्या टाळ्या सगळ्यात मोठ्या होत्या.

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला सात महिने लागले. काकांनी कन्व्हेयन्ससाठी अर्ज केला होता, एवढंच ‘झालं’ होतं. त्रुटी काढून तो अर्ज परत आला होता. अर्ज आणि त्रुटीचं पत्र दोन्ही काकांच्या घरच्या माळ्यावर, लग्नाच्या अल्बमखाली होतं. काका प्रामाणिक होते. त्यांच्या हिशेबानं अर्ज दिला म्हणजे काम झालं.

गेल्या सप्टेंबरमध्ये मी सेक्रेटरीपद सोडलं आणि तेच भाषण करायची माझी पाळी आली. पुण्याच्या उपनगरातली आमची सोसायटी अगदी साधी. अठ्ठावीस फ्लॅट, चार मजले, एक लिफ्ट. इमारत १९९३ची, सोसायटीची नोंदणी १९९५ची. तरीही त्या दहा मिनिटांच्या भाषणाची तयारी करायला मला दीड महिना लागला. त्यात भाषा घासूनपुसून घेण्याचा वेळ फारच थोडा. बाकी सगळा वेळ कपाट उपसण्यात गेला.

आधी थोडी पार्श्वभूमी. सोसायटीची सर्वसाधारण सभा थेट सेक्रेटरी निवडत नाही. सभासद पाच वर्षांसाठी कमिटी निवडतात आणि कमिटी आपल्यातून अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार ठरवते. दप्तर सोपवण्याची कायदेशीर जबाबदारीही खरं तर अध्यक्षांची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १६० प्रमाणे मावळत्या अध्यक्षानं कमिटीच्या आणि पदाधिकाऱ्यांच्या ताब्यातले कागद आणि मालमत्ता नव्या अध्यक्षाच्या हाती द्यायची असते. दिली नाही, तर निबंधक तसा लेखी आदेश देऊ शकतात. पण कुठला कागद कुठे आहे हे बहुतेक ठिकाणी एकट्या सेक्रेटरीला माहीत असतं. कायदा कागद हस्तांतरित करतो, डोक्यातलं कोण करणार? ते काम निरोपाच्या भाषणाचं, असं माझं मत झालं.

म्हणून भाषण ‘ऐनवेळच्या विषयां’त ठेवायचं नाही, हे मी आधी ठरवलं. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी निघावी लागते. त्या नोटिशीतच मी विषय घातला, ‘प्रलंबित कामांच्या यादीची नोंद घेणे’. असं केलं की यादी इतिवृत्तात येते. नुसतं बोललेलं वड्याबरोबर संपतं.

आता आभार. यादी वाचून आभार मानले की ज्याचं नाव राहतं तो पुढची पाच वर्षं लिफ्टमध्ये मान फिरवतो. मी नावांऐवजी कामं घेतली, आणि प्रत्येक कामाला एक माहिती जोडली. भाषणातला तो तुकडा असा होता :

“पहिल्या मजल्यावरच्या भाऊंचे आभार. १९९५ पासूनची मूळ नकाशांची गुंडाळी त्यांनी डांबरगोळ्या घालून जपली आहे. ती आजपासून सोसायटीच्या कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. चौथ्या मजल्यावरच्या ताईंनी सहा वर्षं इतिवृत्तं लिहिली. त्याआधीच्या दोन सभांची इतिवृत्तं कच्ची आहेत, पक्क्या वहीत उतरलेली नाहीत. आपल्या वॉचमननी पंप खोलीतल्या सहाही व्हॉल्व्हना ऑइलपेंटनं आकडे घातले. तीन नंबरचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो, हे आत्तापर्यंत फक्त त्यांना आणि प्लंबरला माहीत होतं. आता तुम्हालाही झालं.”

लोक हसले. पण दुसऱ्याच आठवड्यात वॉचमन गावी गेलेले असताना रात्री अकराला पाइप फुटला, आणि नव्या खजिनदारांनी तीन नंबर उलटा फिरवून पाणी बंद केलं.

हिशेबात चुका काढणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचेही मी आभार मानले. दर वर्षी ते ताळेबंदावर पेन्सिलीनं खुणा करून आणायचे आणि माझं डोकं उठायचं. पण लिफ्टच्या देखभालीचं बिल दोनदा दिलं गेलं होतं, ते त्यांनीच पकडलं. दुसऱ्या वेळचे पैसे पुढच्या वर्षीच्या करारात वळते झाले. हेही मी सांगितलं, नाहीतर नव्या खजिनदारांनी तीच रक्कम पुन्हा भरली असती.

मग यादी. मी चारच कामं वाचली. प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी सांगितल्या : काम कुठवर आलंय, पुढची पायरी काय, आणि तिची तारीख कोणती. ‘पाठपुरावा सुरू आहे’ हे शब्द मी स्वतःला बंद केले होते.

पहिलं काम अर्थातच कन्व्हेयन्स. अनेक सोसायट्यांत हे अर्ध्यावर अडकलेलं असतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपण फ्लॅट विकत घेतो तेव्हा जमीन आपोआप सोसायटीच्या नावावर होत नाही. ती बिल्डरनं किंवा मूळ मालकानं खरेदीखत करून द्यायची असते. १९६३च्या मोफा कायद्याखालच्या नियमांप्रमाणे त्याला सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांची मुदत असते. आमच्या बिल्डरनं चार महिन्यांत काय, वीस वर्षांतही करून दिलं नाही. अशा वेळी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करता येतो. बिल्डर सहीला आला नाही तरी सक्षम प्राधिकारी म्हणून ते आदेश देऊ शकतात.

काकांचा अर्ज परत आला होता तो इंडेक्स टूच्या कागदांमुळे. प्रत्येक फ्लॅटच्या नोंदणीकृत कराराचा हा एकपानी उतारा अर्जाला जोडावा लागतो. आमच्याकडे पंचवीस होते, तीन नव्हते. पहिला एका सभासदांच्या बँकेच्या लॉकरमध्ये सापडला. दुसऱ्यासाठी नोंदणी कार्यालयात शोध घेऊन नक्कल काढली. तिसऱ्या फ्लॅटचे मालक परदेशात. तो फ्लॅट मध्ये दोनदा विकला गेलेला, आणि पहिला करार कुणाकडेच नाही. या एका कागदासाठी चौदा महिने गेले. मग नव्यानं अर्ज, सुनावण्या, आणि अखेर २०२१ मध्ये आदेश हातात आला. त्या दिवशी मीही पेढे वाटले, आणि गटावर लिहिलं, ‘कन्व्हेयन्स झालं!’

नव्हतं झालं. काकांचीच चूक मी एक पायरी पुढे जाऊन केली होती. आदेश मिळाला की तो आणि दस्ताचा मसुदा मुद्रांक कार्यालयात अभिनिर्णयासाठी न्यावा लागतो. सगळ्या फ्लॅटच्या करारांवर मुद्रांक शुल्क पुरेसं भरलं होतं का, हे तिथे तपासतात. त्यानंतर दुय्यम निबंधकांकडे दस्ताची नोंदणी होते. आणि त्यानंतर फेरफार होऊन सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर सोसायटीचं नाव चढतं. नाव चढेपर्यंत सरकारदरबारी जमीन मूळ मालकाचीच दिसते. आदेशाची सुंदर फाइल कपाटात ठेवून निश्चिंत बसलेल्या किती तरी सोसायट्या असतील. पुनर्विकासाचा विषय निघाला की त्यांना जाग येते, कारण तेव्हा जमीन नक्की कुणाची हा पहिला प्रश्न असतो.

आमचं घोडं अभिनिर्णयाशी अडलं होतं. दोन जुन्या करारांवर मुद्रांक कमी भरलेला निघाला. ती तूट भरायची कुणी, त्या फ्लॅटच्या आजच्या मालकांनी की सोसायटीनं, यावर दोन सभांत नुसती आरडाओरड झाली, निर्णय झाला नाही. भाषणात मी एवढंच म्हणाले : “कन्व्हेयन्स झालेलं नाही. आदेश आहे. अभिनिर्णय, नोंदणी आणि फेरफार या तीन पायऱ्या बाकी आहेत. पहिली पायरी दोन फ्लॅटच्या मुद्रांकाशी अडली आहे. तूट कुणी भरायची हे ठरवण्यासाठी डिसेंबरच्या आत विशेष सभा घ्या. मूळ आदेश निळ्या फाइलमध्ये आहे, तो कुणालाही घरी नेऊ देऊ नका, मलासुद्धा.”

गच्ची शांत झाली. चार वर्षांपूर्वीचे पेढे सगळ्यांना आठवले असणार. मला तर आठवलेच.

दुसरं काम पैशांचं. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या म्हातारपणासाठी साठवलेला पैसा. आदर्श उपविधींप्रमाणे जमिनीची किंमत सोडून फ्लॅटचा जो बांधकाम खर्च, त्याच्या किमान पाव टक्का दर वर्षी या निधीत जमा करायचा असतो. आमच्या एका फ्लॅटचा त्या काळचा बांधकाम खर्च धरलाय चार लाख. पाव टक्का म्हणजे वर्षाला हजार रुपये, अठ्ठावीस फ्लॅटचे अठ्ठावीस हजार. २०१२ साली बाहेरच्या प्लास्टरसाठी त्यातून एकदा मोठा खर्च झाला. आज तीन ठेवी मिळून चौदा लाख साठ हजार आहेत. बाहेरून दुरुस्ती आणि रंगकाम करायचं, तर आलेलं सर्वांत कमी दरपत्रक बावीस लाखांचं आहे.

हा सात लाख चाळीस हजारांचा खड्डा भाषणात सांगावा की नाही, यावर अध्यक्षांशी माझा वाद झाला. “निरोपाच्या वेळी अशुभ कशाला?” असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं. शिवाय हेही सांगितलं की या निधीला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव आणि वास्तुविशारदाचा दाखला लागतो. कमिटीनं आपापसात ठरवून तो लिफ्टच्या बिलाला वापरायचा नसतो. तीनपैकी एक ठेव १२ नोव्हेंबरला मुदत संपणारी होती. ही तारीख मी दोनदा उच्चारली. सह्या बदलायच्या गडबडीत ठेव चालू खात्यात येऊन पडते आणि महिनोन्‌महिने तशीच राहते, हे मी एका नातेवाइकांच्या सोसायटीत पाहिलं होतं.

तिसरं काम थकबाकीचं. एका फ्लॅटची थकबाकी व्याजासह एक लाख चौदा हजार झाली आहे. फ्लॅटचा नंबर मी बोलले नाही. तो कागदावर आहे आणि कमिटीला माहीत आहे. निरोपाच्या समारंभात कुणाचे वाभाडे काढले, तर त्या घरातून पैसे येण्याची उरलीसुरली शक्यताही जाते. कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करता येतो, पण त्यासाठी नोटिसा दिल्याच्या पोचा हव्यात. आमच्या तीन नोटिसांपैकी दोन मी दाराखालून सरकवल्या होत्या. त्यांची पोच नाही. ही माझी चूक मी वाचून दाखवली आणि चौथी नोटीस पोच मिळेल अशा टपालानं पाठवा असं सांगितलं.

चौथ्या कामानं मला रात्री जागवलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूमचं छत दोन पावसाळे ठिबकत होतं. वरच्या फ्लॅटचे मालक भाडेकरू ठेवून दुसरीकडे राहतात, फोन उचलत नाहीत. भांडण नको म्हणून जिन्यात उभ्या उभ्या मी काकूंना म्हणून गेले, “पावसाळा जाऊ दे, सोसायटी करून देईल.” गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपमधून पाणी येत असेल, तर खर्च सोसायटीचा. एका बाथरूममधून खालच्या बाथरूममध्ये येत असेल, तर तो त्या दोन सभासदांचा विषय. नेमकं कुठून येतंय हे न पाहताच मी शब्द दिला होता. कुठल्याही इतिवृत्तात त्याचा उल्लेख नव्हता. मी पायउतार झाले असते, नव्या कमिटीनं हात वर केले असते, आणि खोट्या पडल्या असत्या काकू.

“हा शब्द कमिटीचा नाही, माझा आहे,” मी भाषणात म्हणाले. “काकू, तो देण्याचा मला अधिकार नव्हता. नव्या कमिटीनं आधी तपासणी करावी आणि मग खर्च कुणाचा ते ठरवावं.” काकू पहिल्या रांगेत होत्या. माझ्याकडे न बघता त्यांनी पदर सारखा केला. पुढचे पंधरा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

तपासणी पुढे नव्या कमिटीनं केली ती अशी. वरच्या भाडेकरूंना दोन दिवस बाथरूम वापरू नका म्हणून विनंती केली आणि खालचं छत सुकू दिलं. मग वरच्या नहाणी ट्रॅपला बोळा घातला, जमिनीवर दोन इंच पाणी भरलं, त्यात नीळ कालवली आणि चोवीस तास ठेवलं. वरची फरशी फुटलेली असती, तर खाली निळसर ओल दिसली असती. छत कोरडंच राहिलं. पण सकाळी चौथ्या मजल्यावर आंघोळी सुरू झाल्यावर डक्टच्या बाजूनं पाणी उतरू लागलं. दोष सामाईक पाइपच्या जोडात होता, म्हणजे खर्च सोसायटीचाच. आता काही जण म्हणतात, ताई तेव्हा बरोबरच बोलल्या होत्या. मी बरोबर बोलले नव्हते. माझा अंदाज लागला, एवढंच.

स्ट्रक्चरल ऑडिटही यादीत होतं, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. तीस वर्षांवरच्या इमारतीचं ते आदर्श उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी व्हायला हवं. आमचं शेवटचं २०१९चं. म्हणजे चुकलेलंच आहे, आणि ते लवकर करून घ्या, एवढं सांगून मी पुढे गेले.

भाषण संपलं. टाळ्या काकांच्या वेळेपेक्षा कमी होत्या. वडे मात्र तेवढेच संपले.

प्रत्यक्ष दप्तर सोपवायला नंतर दोन संध्याकाळी लागल्या. जुने-नवे दोन्ही अध्यक्ष, नवे सेक्रेटरी आणि मी. टेबलावर सभासदांचं ‘आय’ नमुन्यातलं रजिस्टर, ‘जे’ नमुन्यातली यादी, भागपत्रांचं आणि नामनिर्देशनांचं रजिस्टर, इतिवृत्ताच्या वह्या, लेखापरीक्षणाचे अहवाल आणि त्यांचे ‘ओ’ नमुन्यातले दोषदुरुस्ती अहवाल. एकेक वस्तू वाचायची, समोरच्यानं उघडून बघायची, मग खूण. कोऱ्या भागपत्रांचे नंबर मोजून लिहिले. किल्ल्या एकोणीस निघाल्या. त्यातल्या चार कशाच्या, हे आजही कुणाला माहीत नाही. पोचपावतीवर तसंच लिहिलं, ‘अनोळखी किल्ल्या : ४’. पावतीच्या दोन प्रती, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या, एक प्रत माझ्याकडे. मावळत्या पदाधिकाऱ्यानं ही प्रत जपून ठेवावी. पाच वर्षांनी एखादी वही सापडली नाही की पहिला फोन जुन्या सेक्रेटरीलाच येतो.

एवढं करूनही एक गोष्ट निसटली, आणि ती माझ्या हातातच होती. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी झोपले असताना मोबाइल वाजला. ओटीपी. मग अर्ध्या तासात आणखी तीन. नवे खजिनदार टीडीएस भरायला बसले होते आणि आकडा माझ्याकडे येत होता. सोसायटीचं बँक खातं, वीजबिल, मालमत्ता कर, टीडीएसचं लॉगिन, सोसायटीचा ईमेल, सगळ्याला माझा मोबाइल जोडलेला. बँकेत नव्या सह्यांसाठी ठरावाची प्रत आणि केवायसीचे कागद दिले होते, मोबाइल नंबर बदलण्याचा वेगळा अर्ज द्यायचा कुणालाच सुचला नव्हता. तेव्हा मी बहिणीकडे नागपूरला होते. जिथे रेंज नव्हती त्या दोन दिवसांत सोसायटीचं एकही पेमेंट होऊ शकलं नाही. आता सोसायटीनं स्वतःच्या नावाचं सिमकार्ड घेतलंय, आणि तो साधा बटणांचा फोन खजिनदारांच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला असतो.

तुमच्या सोसायटीची निवडणूक या वर्षी असेल, तर हारतुऱ्यांची ऑर्डर देण्याआधी सेक्रेटरींना एकच प्रश्न विचारा : सोसायटीचे ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतात? आणि ते ‘कन्व्हेयन्स झालंच आहे’ म्हणाले, तर सातबारा किंवा मिळकतपत्रिका दाखवायला सांगा.